131 मिनिटांचा सिनेमा, दोन बाथरूम आणि 26 आजी-आजोबा : एका शोची निवड कशी झाली

सिंहगड रोडच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे, नाव नको, फार मोठा नाही, 26 जण राहतात. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा सिनेमा लावायचे आणि तो दर वेळी फसायचा. म्हणजे भांडण वगैरे नाही, फक्त अर्ध्या तासाने निम्मी माणसं उठून खोलीत गेलेली असायची आणि उरलेल्यांपैकी निम्मी झोपलेली. मॅनेजर मॅडमचं म्हणणं होतं की "यांना आवडतच नाही हो काही". मी फिल्म क्लबच्या शोंचं काम बघते म्हणून मला बोलावलं, तर मी आधी विचारलं की गेल्या वेळी काय लावलं होतं. ओटीटीवरचा एक नवा कौटुंबिक मराठी सिनेमा, बरं बोललं गेलेला, मलाही आवडलेला. संध्याकाळी साडेपाचला, हॉलमध्ये अंधार करून, टीव्हीच्याच आवाजावर, सलग, मध्ये दहा मिनिटांचा इंटरव्हल.

या एका वाक्यातच जवळपास सगळं उत्तर आहे, पण ते मॅडमना पटायला वेळ लागला, कारण त्या सिनेमाच्या विषयाकडे बघत होत्या. विषय शेवटी बघायचा असतो.

आधी माणसांची माहिती काढली. सिस्टरकडे सगळं होतं, फक्त सिनेमासाठी म्हणून कुणी विचारलं नव्हतं. 26 पैकी 5 जण अंथरुणाला खिळलेले, म्हणजे हॉलमध्ये येणारे 21. त्यातल्या 9 जणांकडे कानाचं मशीन, प्रत्यक्षात लावणारे 4, बाकीच्यांचं ड्रॉवरमध्ये. 7 जणांना स्मृतीचा त्रास, त्यातल्या तिघांना डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलेला. 8 जणांना बाथरूमला न्यायला मावशी लागतात. आणि हॉलच्या मजल्यावर बाथरूम दोन. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा निघाला, पुढे सांगते.

आता कान. म्हातारपणात जे ऐकू येणं कमी होतं त्यात सरसकट सगळा आवाज कमी होत नाही, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ, ख यांसारख्या अक्षरांची धार तिथे असते, आणि अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत, ते ऐकू येत राहतात. म्हणून माणूस म्हणतो "आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत", आणि 'सात' म्हटलं काय नि 'हात' म्हटलं काय, एकच. आपण काय करतो, रिमोट घेऊन आवाज वाढवतो. त्याने स्वर आणखी मोठे होतात, पार्श्वसंगीत आणखी मोठं होतं, शब्द तिथेच. वर याच कानांना मोठा आवाज आपल्यापेक्षा लवकर बोचतो, म्हणजे हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा वाढवलं की एकदम त्रास. मशीन लावलेली माणसं अशा वेळी मशीन काढून खिशात घालतात, आणि आपण म्हणतो बघा, मशीन असून लावत नाहीत.

त्या नव्या सिनेमात पात्रं कुजबुजत बोलतात, पाठमोरी बोलतात, खाली संगीत चालूच, वर पावसाचा आवाज. थिएटरमध्ये छान वाटतं. इथे हॉलला टाइल्सची फरशी, बोडक्या भिंती, चार पंखे आणि शेजारी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला किंवा मागे असतात, म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटून मग माणसाकडे येतो.

म्हणून सिनेमा निवडायच्या आधी आम्ही हॉल निवडला म्हणा ना. खाली सतरंज्या, खिडक्यांना जाड पडदे, दोन पंखे बंद (थंडीचे दिवस होते म्हणून जमलं, मे महिन्यात हे विसरा), शो चालू असताना एक्झॉस्ट बंद. साधे दोन स्पीकर स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर. खुर्च्या कमी अंतरात, पाचच रांगा. ज्यांचा एक कान चांगला आहे त्यांना तो कान स्पीकरकडे येईल अशा बाजूला बसवायचं, ही यादी सिस्टरने केली, कुणाचा कुठला कान ते तिला पाठ.

मग चार नावं समोर आली. तो नवा सिनेमा बादच होता. मॅडमच्या मनात 'संत तुकाराम' होता. सिस्टरने 'श्यामची आई' सुचवला. आणि राहणाऱ्यांना विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त हात 'अशी ही बनवाबनवी'ला वर झाले. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक काका मात्र चिडले, म्हणाले "म्हातारे दिसले की तुम्हाला अभंगच आठवतात का?" त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटलेला होता, तो मी पुढे वापरलाही.

चाचणी अशी घेतली. प्रत्येक सिनेमातून पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे काढायचे, एक जिथे दोन माणसं शांतपणे बोलतायत आणि एक जिथे बोलण्याखाली गाणं किंवा गर्दी आहे. समोर चार जण बसवायचे, त्यात एक मशीनवाल्या आजी, एक मशीन नसलेले पण कमी ऐकू येणारे काका. तुकडा झाला की "ऐकू आलं का?" असं अजिबात विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, स्वतःला वाईट वाटू नये म्हणूनही म्हणतात. विचारायचं "तो काय म्हणाला तिला?" उत्तर आलं तर ऐकू आलंय, "काहीतरी बोलला बाई" आलं तर नाही.

बनवाबनवीची चाचणी बघताना एक गोष्ट कळली जी कागदावर कळली नसती. संवाद भराभर आहेत ते तर झालंच, पण विनोदावर हॉल हसतो आणि त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडतं. थिएटरात आपल्याला फरक पडत नाही, आपण अर्धं वाक्य जोडून घेतो. मशीनमध्ये मात्र शेजारच्या काकूंचं हसणं स्पीकरपेक्षा मोठं शिरतं कारण ती जवळ बसलीय. मशीनवाल्या आजी पहिल्या विनोदाला हसल्या, नंतरच्या तिन्ही वेळा आधी इतरांकडे बघून मग हसल्या. चेहरे बघत बसलं की हे दिसतं, पडदा बघत बसलं की नाही दिसत. शिवाय दोन पुरुष बायकांच्या वेषात, कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही हे लक्षात ठेवणं म्हणजेच तो सगळा सिनेमा. ज्या माणसाला दहा मिनिटांपूर्वीचं धरून ठेवता येत नाही त्याला ही बाई मघाशी पुरुष होती हे कुठून आठवणार. पण गंमत म्हणजे त्याच सात जणांपैकी एका आजोबांना त्यातले संवाद नटाच्या आधी येत होते. जुनं पाठ झालेलं शिल्लक राहतं, नवं टिकत नाही. म्हणजे हा सिनेमा पूर्ण दाखवायला चुकीचा आणि प्रसंग निवडून दाखवायला उत्तम, असा निकाल लागला.

'श्यामची आई'बद्दल मला आधीपासून धाकधूक होती. 1953 चा, 152 मिनिटांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला, नावाला कुणी नाही म्हणणार नाही. आवाज स्वच्छ, बोलणं सावकाश, गोष्ट प्रसंगाप्रसंगाने जाणारी. कानाच्या परीक्षेत पास. पण डिमेन्शिया असलेली माणसं, खासकरून दिवस कलायला लागला की, आपली आई शोधतात. ऐंशी वर्षांच्या आजी "आई वाट बघत असेल, मला घरी सोडा" म्हणून दारापाशी जातात, सिस्टरने स्वतः सांगितलं की एक आजी रोज पाचच्या सुमाराला हेच करतात. त्यांच्यासमोर आईचा मृत्यू दाखवायचा? बाकीचे रडतील आणि मोकळे होतील, रडायला माझी ना नाही, पण त्या आजींना ती बातमी आत्ता कळल्यासारखी कळेल, आणि सिनेमा संपल्यावर कारण विसरतं, दुःख मात्र मागे राहतं. सिस्टर लगेच म्हणाली, नको. तसंच मुलांनी आईबापांना वाऱ्यावर सोडण्याचे सिनेमे. वृद्धाश्रम म्हटलं की देणगीदारांना नेमके तेच सुचतात. तिथे राहणारी माणसं स्वतःच्या घरची गोष्ट दोन तास पडद्यावर का बघतील?

राहिला 'संत तुकाराम'. इथे प्राध्यापक काकांचा मुद्दा. सगळे समजतात की म्हातारी माणसं म्हणजे जितका जुना सिनेमा तितका बरा. खरं तर माणसाला घट्ट आठवतं ते साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं. आज ऐंशीला असलेली माणसं कॉलेजात होती साठच्या दशकात. 1936 चा सिनेमा त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणीचा. मग तो का चालावा? कारण तो त्यांनी 1936 मध्ये नाही पाहिला, पुढे पाहिला, कुणी जत्रेतल्या तंबूत, कुणी दूरदर्शनवर शनिवारच्या मराठी सिनेमात, आणि त्यातली गोष्ट तर सिनेमाच्याही आधीपासून माहीत. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि वर आली हे ज्याला ठाऊक आहे त्याला मधलं अर्ध्या तासाचं विसरलं तरी अडत नाही. प्रत्येक प्रसंग आपापला पूर्ण आहे. सालोमालो दुष्ट आहे हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, मागचं आठवावं लागत नाही. आवली ओरडते तेव्हा का ओरडते हे बायकांना विचारावं लागत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र तो जिंकला नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीतलं मुळातच कमी उतरायचं, आणि आजीच्या कानातूनही तेच गेलेलं, म्हणजे दुहेरी तोटा. वर खरखर. पण पात्रं एका वेळी एकच बोलतात, बहुतेक वेळा तोंड समोर असतं त्यामुळे ओठ दिसतात, बोलण्याखाली संगीत फारसं नाही आणि अभंगांचे शब्द अर्ध्या लोकांना पाठ. चाचणीत "काय म्हणाला?"ला सगळ्यात जास्त उत्तरं याच्यावर आली.

लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये इक्वलायझर असतो, त्यात 60 आणि 170 च्या पट्ट्या सहा-एक डेसिबल खाली घेतल्या, 3 हजारची तीन-चार वर, आणि 12 हजारच्या पुढच्या सगळ्या खाली, कारण या सिनेमात तिथे खरखरीशिवाय काहीच नाही. नव्या सिनेमाला शेवटचं करू नका, तिथे वरती कामाचं असतं. आवाजाची एकूण पातळी उलट आम्ही आधीच्या शोपेक्षा कमीच ठेवली.

परवानगीचं एका ओळीत सांगते. ओटीटीचं खातं घरापुरतं असतं, हॉलमध्ये लावायला नाही. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे 1936 चा केव्हाच मोकळा झालाय, बनवाबनवी 1988 चा आहे, त्याला हक्कवाल्यांना विचारावं लागतं.

आता ते दोन बाथरूम. सिनेमा 131 मिनिटांचा. मॅडमचा प्लॅन होता दुपारी चारला सुरू, मध्ये दहा मिनिटं. मी आणि सिस्टरने कागदावर गणित मांडलं. 21 माणसं, त्यातल्या 8 जणांना मावशी लागतात, उठणं, वॉकर, जाणं, येणं, परत बसणं धरून एकेकाला पाच-सहा मिनिटं, बाथरूम दोन. म्हणजे फक्त त्या आठ जणांनाच वीस-पंचवीस मिनिटं. दहा मिनिटांचा इंटरव्हल म्हणजे निम्म्यांना सांगणं की तुम्ही दाबून बसा, आणि ती माणसं तसं न करता उठून निघून जातात, तेच तर दर महिन्याला होत होतं! कंटाळून जात नव्हती, बाथरूमला जात होती आणि अंधारात परत यायची भीती म्हणून येत नव्हती.

एका बैठकीत 35-40 मिनिटांच्या वर नको असं ठरवलं. त्यापुढे पाय सुजतात, पार्किन्सन्सवाल्यांचं अंग धरतं, आणि बराच वेळ बसून झटकन उठलं की बीपी खाली जाऊन चक्कर येते. आता 131 मिनिटांचे चार तुकडे, मध्ये तीन ब्रेक 25 मिनिटांचे, एकूण 206 मिनिटं. सकाळी सव्वादहाला लावला तर संपायला पावणेदोन, आणि जेवण सव्वाबाराला. इन्शुलिनवाल्यांचं जेवण पुढे ढकलता येत नाही. म्हणून दोन दिवस. रोज 65-66 मिनिटं आणि एक ब्रेक, सव्वादहा ते पावणेबारा, मग जेवण. संध्याकाळ बादच, कारण डिमेन्शियावाल्यांची बेचैनी दिवस मावळताना वाढते, आणि सकाळची माणसं ताजी असतात.

ब्रेक कुठे घ्यायचा ते घड्याळावर सोडलं नाही. आदल्या दिवशी बसून 33 ते 40 मिनिटांच्या मध्ये कुठे प्रसंग संपतो ते बघून वेळ लिहून ठेवली. हॉल काळोखा नाही केला, मागचे दोन दिवे चालू, वाटेत वायर नाही. टीव्ही 55 इंची, खिडकीची चमक पडद्यावर येत नाही अशा भिंतीला.

पहिल्या दिवशी 21 पैकी 19 आले. सिस्टरने साडेनऊलाच फेरी मारून मशीनच्या बॅटऱ्या बघितल्या, दोघांच्या संपलेल्या होत्या आणि एका काकांच्या मशीनच्या टोकात मळ अडकलेला, तो काढल्यावर काका म्हणाले "अरे, हे चालतंय की". अभंग लागला की कोपऱ्यातल्या त्या रोज पाचला दारापाशी जाणाऱ्या आजी आवाज लावून म्हणायला लागल्या, सगळे शब्द बरोबर. शेजारचे एक काका वैतागले, त्यांना ऐकू येईना. दोघांचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी आजींना पुढच्या रांगेत कडेला बसवलं आणि काकांना वायरलेस हेडफोन दिला, असे दोन हेडफोन जवळ असावेत.

ब्रेकनंतर माईकवर दोन वाक्यांत मागचं सांगितलं, सरळ सांगितलं, "आठवतंय ना काय झालं?" असं विचारायचं नाही असं मावशींनाही बजावलं होतं. ज्याला आठवत नाही त्याची सगळ्यांसमोर परीक्षा कशाला.

प्राध्यापक काका पहिल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीसाठी मी त्यांना जाऊन सांगितलं की हा सिनेमा इथलाच आहे, प्रभातच्या स्टुडिओत झालेला, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झालाय, त्यावर तुम्ही पाच मिनिटं बोला. आले, पाच ऐवजी बारा मिनिटं बोलले, आणि ब्रेकमध्ये लोकांना सांगत सुटले की 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नाहीच, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे. दोन आजींनी ते साफ अमान्य केलं. जेवणाच्या टेबलावरही तोच वाद चालू होता.

एक गोष्ट मात्र आमच्या यादीत नव्हती. गाथा पाण्यात सोडण्याचा प्रसंग आला तेव्हा एक आजोबा उठून उभे राहिले, "अरे कागद भिजतायत, काढा" म्हणायला लागले. त्यांना पडद्यावरचं आणि खरं वेगळं करता येत नाही. त्यांना समजावत बसायचं नसतं, मावशी त्यांना गॅलरीत घेऊन गेल्या, चहा दिला, दहा मिनिटांनी परत आणलं. आता चाचणीच्या कागदावर एक रकाना वाढवलाय, पाणी, आग, मारामारी, कुणाला कोंडणं, असं काही आहे का आणि किती मिनिटाला, म्हणजे त्या वेळी मावशी त्या माणसाच्या शेजारी बसलेल्या असतात.

दोन्ही दिवशी शेवटपर्यंत बसलेले 16. तिघं झोपले, त्यांना उठवलं नाही. आधीच्या शोला शेवटी किती उरायचे हे कुणी मोजलेलंच नव्हतं, मॅडम म्हणाल्या "सात-आठ असतील".

बनवाबनवीचं सध्या काम चालू आहे, परवानगीची मेल गेलीय. पूर्ण नाही, तीन प्रसंग, प्रत्येकी दहा-बारा मिनिटांचे, आणि खाली मराठी सबटायटल, जी आयती मिळाली नाहीत म्हणून क्लबमधली दोन मुलं टाइप करतायत. एका वेळी दोनच ओळी, एक ओळ तीन सेकंद तरी पडद्यावर, अक्षर मोठं पांढरं आणि मागे काळी पट्टी, कारण मोतीबिंदूवाल्यांना उघड्या चित्रावरचं पांढरं दिसत नाही. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करून व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट निवडावा लागतो, नाहीतर चौकोन दिसतात. हसण्यात बुडालेलं वाक्य निदान वाचता येईल. ज्यांना पूर्ण सिनेमाच बघायचाय त्या सात-आठ जणांसाठी प्राध्यापक काकांनी स्वतःच वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात वेगळा शो ठरवलाय, तिथे बाथरूम जवळ आहे हे त्यांनी मला न विचारता आधी सांगितलं.